कॅच-अप की मूठ? दोन्ही करून बघितलेल्याचं मत

ट्रायथलॉनच्या ग्रुपमधले दोघं-तिघं हल्ली एकच विचारतात, आठवड्यात टँकवर तीनच दिवस मिळतात मग ड्रिल कुठलं करू, कॅच-अप की मुठी वळून पोहायचं? मी दोन्ही केलंय, आधी कॅच-अप चार महिने आणि मग मूठ, म्हणून जे अनुभवलं ते लिहितो.

आपल्याकडं बरेच जण माझ्यासारखेच विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेत. तिथं डोकं वर ठेवायची सवय लागते, आणि डोकं वर म्हणजे पाय खाली. पाय खाली गेले की सगळं अंग पाण्याला आडवं येतं आणि निम्मी ताकद नुसती त्यातच जाते. सायकल आणि रनिंगसाठी जे वाचवायचं ते इथंच संपतं.

कॅच-अप यासाठी चांगलंच आहे, त्यात वाद नाही. एक हात पुढं ताणलेला राहतो, दुसरा फिरून येईपर्यंत हलायचं नाही, त्यामुळं अंग लांब राहतं आणि पाय आपोआप थोडे वर येतात. श्वास घेताना ज्यांचा पुढचा हात लगेच खाली कोसळतो त्यांनी तर महिनाभर हेच करावं असं मला वाटतं. फक्त हात हाताला टेकवू नका, खांद्याच्या रुंदीवर ठेवा, नाहीतर मधली रेघ ओलांडून हात आत घालायची सवय लागते आणि मागं कंबर सापासारखी वळवळते.

पण मला ज्याचा त्रास झाला ते म्हणजे तो थांबा. चार महिने केल्यावर तो थांबा माझ्या नेहमीच्या पोहण्यात शिरला, पुढं गेलेला हात तिथंच पडून राहायचा, मनगट वर वळून तळवा पुढच्या पाण्याला अडवायचा, म्हणजे दर हाताला ब्रेकच. टँकमध्ये भिंतीला ढकलून निघतो आपण, तिथं ते कळतच नाही ओ. उजनीच्या बॅकवॉटरला वारा सुटलेला, एक मित्र होडीत सोबत, तिथं कळलं. दर थांब्याला मी जवळजवळ उभाच राहत होतो आणि परत वेग घ्यायला खांदे पणाला लागत होते. बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, तू गचके खात चाललायस. तो पोहणारा माणूस नाही तरी त्याला दिसलं.

मग मूठ धरली. मुठीत तळवाच नाही, त्यामुळं पाणी पकडायला कोपरापासून मनगटापर्यंतचा हातच वापरावा लागतो. हात पुढं गेला की बोटांच्या गाठी तळाकडं वळवायच्या, कोपर तिथंच वर ठेवायचं आणि खालचा हात उभा करून मागं ढकलायचं. कोपर खाली पडलं तर हात नुसता पाण्यातून घसरतो, लगेच कळतं, कोणी सांगायला लागत नाही. आणि कॅच, म्हणजे हे पाणी पकडणं, आणि पाय हे दोन वेगळे विषय नाहीत हे मला इथंच समजलं. सरळ हातानं पाणी खाली दाबलं की छाती वर उचलली जाते आणि पाय बुडतात, तेच पाणी मागं ढकललं की अंग सपाट राहतं. म्हणजे कॅच सुधारला की पायांचं अर्धं काम फुकटात होतं.

माझा हिशोब सांगतो. २५ मीटरला माझे २६ हात पडायचे. मूठ वळून पहिल्या आठवड्यात ३८ पडले, म्हणजे खालचा हात काहीच करत नव्हता, सगळं तळव्यावर चाललेलं. तीन आठवड्यांनी मुठीचे ३१ झाले आणि उघड्या हाताचे २२-२३, तेही त्याच दमात. प्रत्येकाचा आकडा वेगळा येणार, तुम्ही फक्त मूठ आणि उघडा हात यांच्यातलं अंतर कमी होतंय का ते बघा.

चूक एकच, जो तो करतो, पुढं जात नाही म्हणून हात भराभरा फिरवतो. तसं केलं तर काही उपयोग नाही, हळूच करा. आणि ऑफिसात बसून ज्यांचे खांदे आखडलेत त्यांनी कोपर फार वरच्या अंगाला अट्टाहासानं ठेवू नये, जरा खोल आणि रुंद चालतं, खांद्यात पुढून टोचलं तर त्या दिवशी बंद.

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ शर्यतीला १.९ किलोमीटर पोहायचं, तेही गरम पाण्यात, पाय उचलून धरायला वेटसूट नसतो, त्यामुळं तिथं जाणाऱ्यांना मी तरी मूठच सांगीन. कॅच-अप सोडू नका पूर्ण, वॉर्मअपला १०० मीटर ठेवा, तेही पुढचा हात दुसरा डोक्यापाशी आला की लगेच सोडायचा, पूर्ण थांबायचं नाही. त्यानंतर माझा सेट असा असतो, ५० चे सहा, प्रत्येकात पहिली २५ मूठ, मग दहा मीटर दोन बोटं उघडी, मग पूर्ण हात. हात उघडला की तळव्यावर जो पाण्याचा भार येतो, तोच पुढची १५ मीटर टिकवायचा बघतो.