१८० रुपयांची लीड मला ३९४ ला पडली

बडोद्यात माझं मॉड्युलर किचनचं छोटं दुकान आहे, मांजलपूरला. दिवाळीआधी एका डिजिटल मार्केटिंगवाल्याला काम दिलं. दर ठरला एका लीडला, म्हणजे फॉर्म भरून चौकशी करणाऱ्या एका माणसाच्या नाव-नंबराला, १८० रुपये. महिनाअखेरीस त्याने ४१२ लीड्सची शीट आणि ७४,१६० रुपयांचं बिल पाठवलं, जीएसटी वेगळा. मी भरलं. नाव इथे लिहीत नाही, वकिलाने मनाई केली आहे.

दर लीडमागे पैसे ठरले की समोरचा काय करतो हे तुम्हाला सांगायला नको. मी तरी आंधळेपणाने पैसे दिले नव्हते. शीट आल्या आल्या एक्सेलमध्ये Remove Duplicates दाबलं होतं. उत्तर आलं: No duplicate values found. तिथेच घात झाला! सगळ्या कॉलमवर टिक असेल तर पूर्ण ओळ जशीच्या तशी जुळली तरच एक्सेल तिला डुप्लिकेट म्हणतो. फॉर्म भरल्याची वेळ प्रत्येक ओळीत वेगळी, मग जुळणार काय? आणि फक्त नंबरच्या कॉलमवर दाबलं असतं तरी तेच. एकच नंबर एकदा +91 लावून, एकदा पुढे शून्य लावून, एकदा मध्ये स्पेस सोडून लिहिलेला. हे आपोआप झालं म्हणणाऱ्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं.

दुकानात फोन करणारी मुलगी चौथ्याच दिवशी म्हणाली होती, "दादा, या बाई म्हणतात, तिसऱ्यांदा फोन करताय, मी कुठलाच फॉर्म भरलेला नाही." मी म्हटलं, लोक भरतात आणि विसरतात. आजही ते वाक्य आठवलं की डोकं तापतं. पण धंद्याच्या सीझनमध्ये कोण शीट उसवत बसतं?

शेवटी भाच्याने बसून उसवली. नंबर D कॉलममध्ये होते, शीट वेळेप्रमाणे लावली आणि E2, F2 मध्ये हे टाकून खाली ओढलं:

```
=RIGHT(SUBSTITUTE(SUBSTITUTE(D2," ",""),"-",""),10)
=COUNTIF(E$2:E2,E2)
```

पहिल्याने शेवटचे दहा आकडे उरतात. दुसऱ्यात १ म्हणजे तो नंबर पहिल्यांदा आला, २ किंवा जास्त म्हणजे पुन्हा. ९७ ओळी गेल्या. मग खोट्या: आपला मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो, इथे २ आणि ४ ने सुरू होणारेही होते. काही नंबर अस्तित्वातच नाहीत, काही लोकांनी फॉर्म भरलाच नव्हता. अशा ११८. आणखी ९ तर एजन्सीने स्वतःच्या टेस्टिंगला भरलेल्या, नावाच्या जागी चक्क 'test'. त्यांचेही १८० रुपये लावले, लाज आहे का?

वेळेचा कॉलम बघा. रात्री तीन वाजून गेल्यावर चार मिनिटांत पंधरा फॉर्म, सगळ्यांचा पिनकोड 390001. बडोद्यातल्या पंधरा घरांना एकाच वेळी पहाटे किचन आठवलं! (शीटमधली वेळ भारतीय आहे ना, ते आधी विचारा, नाहीतर भलताच आरोप कराल.)

फोन न उचलणारा मात्र मी खोटा धरला नाही, 'महाग आहे' म्हणणाराही नाही. ते खरेच लोक, फक्त गिऱ्हाईक झाले नाहीत. त्यांनाही काढलं असतं तर एजन्सीने माझाच हिशेब खोटा ठरवला असता.

उरल्या १८८. खर्च तोच ७४,१६०, म्हणजे एक लीड ३९४ रुपयांना. खरी चीड पुढे आहे. पेपरात घालायच्या पत्रकांची चौकशी मला ३१० ला पडायची. १८० चा आकडा बघून मी पत्रकं बंद केली, ऐन दिवाळीत. चालू सोर्स बंद करण्याआधी दोन्हीकडचे आकडे साफ करून घ्या, एवढं तरी माझ्याकडून घ्या.

पोलिसांत गेलो. तासभर बाकावर बसवलं, मग साहेब वर न बघता म्हणाले, "आ तो सिविल मॅटर छे, वकील करो." शीटची प्रिंट पुढे केली तर विचारतात, लीड म्हणजे शुं? दुसऱ्यांदा गेलो तर पहिला अर्जच सापडेना. ग्राहक कोर्टाचं विचारलं, तर वकील म्हणाला, सेवा धंद्यासाठी घेतली, तिथे अडकेल. म्हणजे दुकानदाराला लुटलं तर तो ना फिर्यादी, ना ग्राहक. टॅक्स भरताना बरोबर सापडतो.

नोटिशीला ३,५०० गेले. उत्तर आलं: वर्क ऑर्डरप्रमाणे लीड म्हणजे भरलेला फॉर्म, तो आम्ही दिला. तसंच लिहिलं होतं, आणि ती वर्क ऑर्डर त्यांनीच बनवली होती. तुमची तुम्ही बनवा. ओटीपीने तपासलेला दहा आकडी नंबर, ९० दिवसांत एकदाच मोजायचा, आठवड्याच्या तपासणीनंतरच बिल. आणि फॉर्मचं लॉगिन तुमच्याकडे हवं, त्यांनी पाठवलेली शीट नको.