भिंतीला टेकलेली शिडी: आघूर्ण पायाशी घ्यावे, टोकाशी घ्यावे, की आकृतीच काढावी?

रंगकामाची चार मीटर लांबीची, वीस किलो वजनाची एकसंध शिडी गिलाव्याच्या खरबरीत भिंतीला टेकवली आहे आणि तिचे पाय फरशीवर आहेत. फरशीचा घर्षण गुणांक ०.४ आणि भिंतीचा ०.३ धरला, तर शिडी जमिनीशी किमान किती अंशांचा कोन करून उभी राहील, हा प्रश्न तीन वाटांनी सोडवता येतो. तिन्ही वाटांचे उत्तर एकच येते. फरक पडतो तो चुकीची शक्यता कुठे दडलेली आहे आणि उत्तरातून आणखी काय हाती लागते, यात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याने किंवा नव्याने शिकवू लागलेल्या शिक्षकाने कोणती वाट धरावी, हे ठरवण्यापुरती ही तुलना आहे.

एक गोष्ट तिन्ही वाटांना समान आहे. शिडी घसरू लागली की पाय भिंतीपासून दूर सरकतात आणि टोक खाली उतरते. शिडी ताठ असल्यामुळे यांपैकी एकच टोक हलले, असे होऊ शकत नाही. म्हणून घसरण्याच्या ऐन क्षणी दोन्हीकडचे घर्षण एकाच वेळी कमाल असते, फरशीवरचे भिंतीच्या दिशेने आणि भिंतीवरचे वरच्या दिशेने. फरशीची लंब प्रतिक्रिया `N1`, भिंतीची `N2`, त्यांचे घर्षण गुणांक अनुक्रमे `μ1` व `μ2` आणि शिडीचे वजन `W` धरल्यास बलांचा समतोल असा मांडता येतो:

```
N2 = μ1·N1
N1 + μ2·N2 = W
N1 = W / (1 + μ1·μ2)
```

आपल्या आकड्यांनी `N1` १७.८६ किलो-भार आणि `N2` ७.१४ किलो-भार येते, तर भिंतीवरचे घर्षण २.१४ किलो-भार येते. येथून वाटा वेगळ्या होतात.

पहिली वाट पायाभोवती आघूर्ण घेण्याची. फरशीची दोन्ही बले पायातूनच जात असल्याने त्यांचे आघूर्ण शून्य होते, आणि एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भिंतीची दोन बले उरतात:

```
20·2·cosθ = 7.14·4·sinθ + 2.14·4·cosθ
tanθ = 1.1,  θ = 47.7°
```

बहुतेक वर्गांत हीच रीत शिकवली जाते आणि ती सरळही आहे. पण नेमकी हीच वाट सर्वांत जास्त फसवते, असे माझे मत आहे. विद्यार्थ्याने आधी गुळगुळीत भिंतीची उदाहरणे सोडवलेली असतात, त्यांत उजव्या बाजूला एकच पद असते, आणि हाताला ती सवय लागल्यामुळे भिंतीच्या घर्षणाचे `cosθ` असलेले पद गळून पडते. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. पद गळले की `tanθ` १.४ होते आणि कोन ५४.५° येतो, म्हणजे पूर्ण गुळगुळीत भिंतीला लागणाऱ्या ५१.३° पेक्षाही जास्त. खरबरीत भिंतीला गुळगुळीत भिंतीपेक्षा उभी शिडी लागत असेल, तर मांडणीत कुठेतरी गफलत आहे, हे निश्चित समजावे.

दुसरी वाट टोकाभोवती आघूर्ण घेण्याची. आता भिंतीची दोन्ही बले समीकरणातून जातात आणि भिंतीचा खरबरीतपणा फक्त `N1` च्या किमतीतून डोकावतो. श्रम तेवढेच लागतात, उत्तरही तेच येते, पण विसरण्याजोगे पद राहत नाही, कारण फरशीवरचे घर्षण विसरणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. केवळ कोन काढायचा असेल, तर पायापेक्षा टोक निवडावे, असे मी सुचवीन.

तिसरी वाट आकृतीची आहे, आणि मला ती या प्रश्नाच्या सर्वांत जवळची वाटते. प्रत्येक टोकाची लंब प्रतिक्रिया आणि घर्षण यांची बेरीज करून एकच बल काढले, की शिडीवर तीनच बले उरतात, आणि समांतर नसलेली तीन बले समतोलात असतील, तर त्यांच्या रेषा एका बिंदूत मिळाव्याच लागतात. हा बिंदू गुरुत्वमध्याच्या बरोबर वर, उभ्या रेषेत असतो. गुरुत्वमध्य पायापासून लांबीच्या `k` भागावर आहे असे धरले, तर त्या बिंदूची फरशीपासूनची उंची पायाकडून आणि टोकाकडून अशी दोनदा मोजून समान मांडायची, एवढेच काम राहते:

```
k·L·cosθ/μ1 = L·sinθ + (1-k)·L·cosθ·μ2
tanθ = k/μ1 - (1-k)·μ2
```

`N1` आणि `N2` यांचे नावही घ्यावे लागले नाही. शिडी एकसंध असल्याने `k` ०.५ आहे आणि उत्तर पुन्हा ४७.७° येते. जपायचे ते एवढेच, की भिंतीकडची रेषा टोकापासून वर जाणारी काढावी. ती खाली उतरती काढली तर वजाच्या जागी अधिक चिन्ह येते.

आकृतीची मर्यादाही सांगायला हवी. शिडीवरच्या माणसाने भिंतीतला खिळा ओढायला घेतला, तर आडवे चौथे बल येते आणि एका बिंदूचा आधार सुटतो. तेव्हा निमूटपणे आघूर्णाकडे परतावे. शिवाय तिन्ही रीती घसरण्याच्या ऐन क्षणापुरत्याच आहेत. हीच शिडी ६०° वर निवांत उभी असताना घर्षण म्हणजे `μN` असे लिहिणे चूक आहे, कारण तेथे अज्ञात बले चार आणि समीकरणे तीन असतात. आपल्या आकड्यांनी भिंतीची लंब प्रतिक्रिया तेव्हा ४.९ ते ७.० किलो-भार यांच्या दरम्यान काहीही असू शकते, आणि शिडी कशी टेकवली गेली त्यावर ती ठरते.

राहिला प्रश्न भिंतीचे घर्षण मोजावे की सोडावे हा, आणि त्याचा निवाडा वरचे सूत्रच करते. याच शिडीवर साठ किलोचा माणूस चढू लागला, की माणूस आणि शिडी यांचा एकत्रित गुरुत्वमध्य वर सरकतो. शिडी ६०° वर असेल, तर खरबरीत भिंतीशी माणूस शिडीच्या लांबीवर ३.२० मीटरपर्यंत जातो आणि मग शिडी सुटते. भिंत गुळगुळीत धरली तर ही मर्यादा ३.०३ मीटर येते. पायऱ्या तीस-तीस सेंटीमीटरवर असतील, तर दोन्ही हिशेबांत तो दहाव्या पायरीवर उभा राहू शकतो आणि अकराव्या पायरीवर पाय ठेवताच शिडी घसरते. रिकाम्या शिडीला साडेतीन अंशांहून अधिक सवलत देणारी भिंत येथे जेमतेम सतरा-अठरा सेंटीमीटर देते. म्हणून परीक्षेत भिंतीचे घर्षण पूर्ण मोजावे. प्रत्यक्ष शिडी लावताना मात्र ते सोडून द्यावे, कारण सोडल्याने चूक झालीच तर ती सुरक्षिततेच्या बाजूने होते.

सगळा भार टोकावर आला, म्हणजे `k = 1` झाले, तर `μ2` चे पद पूर्णपणे नाहीसे होते. आकृतीत याचे कारण उघड दिसते: वजन आणि भिंतीची प्रतिक्रिया दोन्ही टोकातूनच जातात, त्यामुळे फरशीच्या एकत्रित बलालाही शिडीच्याच रेषेत यावे लागते. भिंत काचेची असो वा गिलाव्याची, अशा वेळी ०.४ घर्षण गुणांकाच्या फरशीवर शिडीला किमान ६८.२° लागतातच.