नुसती ठळक अक्षरं की खरी शीर्षकं?

वेबपानावरचा, रावेरच्या केळीवरचा लांबलचक लेख घ्या. पहिल्या मांडणीत ‘लागवड’, ‘रोग’, ‘करपा’ हे शब्द नुसतेच मोठे नि ठळक केलेत. बघणाऱ्याचं भागतं, पण अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए स्क्रीन रीडरला ते साधे परिच्छेदच. `H` दाबून पुढच्या शीर्षकावर उडी पडत नाही. करप्यापर्यंत पोचायला लागवडीपासून सगळं ऐकत बसा.

दुसऱ्या मांडणीत एचटीएमएलचे शीर्षक-टॅग पातळीनुसार लावलेत: लेखाचं नाव तेवढं `h1`, ‘लागवड’ नि ‘रोग’ `h2`, आणि रोगाखाली ‘करपा’ `h3`. `2` दाबत ‘रोग’ गाठायचं, मग `3` दाबलं की करपा. मी हीच निवडेन. अक्षर लहान हवं म्हणून काहीजण `h2` खाली थेट `h4` लावतात. ऐकणाऱ्याला वाटतं, मधलं काही सुटलं. आकार सीएसएसमध्ये बदलावा, पातळी नाही.