फोनवर सुरू केलेली चॅट कॉम्प्युटरवर नेणे: बॅटरीच्या भांडणापासून आजपर्यंतचा अनुभव

आधीच सांगते, हा रिव्ह्यू बॅटरीचा नाही. बॅटरी बदलून मिळाली, चालू आहे, विषय संपला. हा रिव्ह्यू आहे तो अर्धी चॅट फोनवर आणि अर्धी कॉम्प्युटरवर करायची जी सगळ्यांनाच वेळ येते त्याचा. व्हॉट्सॲप वेब काय असतं, क्यूआर कसा स्कॅन करायचा वगैरे सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालते.

झालं काय, घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी आम्ही २०२२ च्या पाडव्याला घेतली होती. बिल २ एप्रिल २०२२ चं. वॉरंटी नेहमीची, पहिले ३६ महिने फुकट बदलून आणि पुढचे २४ महिने प्रो-राटा, म्हणजे नवीन बॅटरीच्या किमतीवर काहीतरी सूट आणि बाकीचे पैसे आपल्या खिशातून. हिशोब केला तर फुकटची मुदत १ एप्रिल २०२५ ला संपणार. आणि ३१ मार्चला रात्री लाइट गेली, इन्व्हर्टर दहा मिनिटांत कुंईई करून बंद. मी तिथेच बॅटरीसमोर टॉर्च धरून बसले आणि कंपनीच्या वेबसाइटवरची चॅट फोनवर उघडली. सिरीयल नंबरचा फोटो पाठवला, तिकीट नंबर आला, समोरची बाई म्हणाली, मॅम बिलाची पीडीएफ अपलोड करा. बिल दुकानातल्या कॉम्प्युटरवर. १ तारखेला आमच्याकडे स्टॉक मोजायचा असतो, मान वर करायला वेळ नसतो, म्हणून २ तारखेला सकाळी दुकानातून तीच वेबसाइट उघडली.

तर तिथे "नमस्कार, आपलं नाव सांगा" पासून सुरुवात! मी नाव, नंबर, सगळं परत टाकलं, बिल अपलोड केलं, आणि नवीन तिकीट पडलं. तारीख २ एप्रिल. दुपारी मेल आला की तुमची तक्रार फुकट बदलीच्या मुदतीनंतर आली आहे, प्रो-राटा लागू होईल. एका दिवसासाठी काही हजार रुपये! हे (म्हणजे आमचे हे) म्हणाले जाऊ दे भरून टाकू. मी म्हटलं का भरायचे?

दुकानात कॉम्प्युटर बघायला येणारा मुलगा आहे, त्याने समजावलं तेव्हा डोक्यात शिरलं. वेबसाइटवर लॉगिन न करता चॅट केली की तुमची ओळख म्हणजे त्या वेबसाइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली एक छोटी चिठ्ठी, तिला कुकी म्हणतात, बास. ती फोनच्या ब्राउझरमध्ये राहते. दुकानातल्या कॉम्प्युटरला तिचा पत्ताच नसतो, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने सकाळी आलेली बाई वेगळी आणि रात्रीची वेगळी. फोनमध्येच दोन ब्राउझर असतील तरी हेच. मेसेजमधली लिंक दाबल्यावर काही ॲप ती आपल्याच पोटात उघडतात, तिथेही कुकी वेगळी असू शकते. आणि इनकॉग्निटोमध्ये केलीत तर खिडकी बंद केल्यावर ओळखच पुसली गेली. तुम्ही मोबाइल नंबर तोच दिला तरी समोरची सिस्टिम नंबरवरून जोडेलच असं नाही, आमच्या वेळी जोडला नव्हता.

त्याच्या सांगण्यावरून फोनवर तोच ब्राउझर उघडला, हिस्टरीतून तेच पान काढलं, आणि ३१ मार्चची अख्खी चॅट जशीच्या तशी तिथे बसलेली! सिरीयल नंबरचा फोटो, रात्रीची वेळ, जुना तिकीट नंबर, सगळं. मी त्याच चॅटमध्ये खाली लिहिलं की दुसरं तिकीट हे याच तक्रारीचं आहे, दोन्ही जोडा आणि तक्रारीची तारीख पहिली धरा. वर स्क्रीनशॉट काढून ठेवले. थोडी हुज्जत झाली, पण दोन तिकिटं एक केली आणि बॅटरी फुकट बदलून दिली.

यातून एक खूण कायमची लक्षात ठेवा. कॉम्प्युटरवर चॅट उघडल्यावर वरच्या जुन्या ओळी दिसल्या नाहीत आणि नाव विचारलं, तर तुम्ही नवीन चॅटमध्ये आहात. काही टाइप करायच्या आधी बंद करा. नवीन तिकीट पडू देऊ नका, कारण एकदा पडलं की तारीख त्या नवीन तिकिटाची धरतात. अगदीच पुढे जायचं असेल तर पहिल्या वाक्यातच जुना तिकीट नंबर टाका.

त्यानंतर मी ठरवलं होतं की वेबसाइटची चॅट परत वापरायची नाही, जे काय ते व्हॉट्सॲपवर. तिथे फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीवर एकच धागा असतो. सेटिंगमधल्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून चार उपकरणं जोडता येतात, फोन बंद पडला तरी कॉम्प्युटरवर चालू राहतं, फक्त मुख्य फोन १४ दिवस उघडलाच नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. फोटो फोनवरून, बिल कॉम्प्युटरवरून, समोरच्याला कळतही नाही. महिनोन्‌महिने दुकानाचं कुरिअर, गॅस, मुलीच्या क्लासची फी, सगळं असंच केलं आणि खूश होते.

एक तिथलं मात्र कुणी सांगत नाही. कंपन्यांचं जे बिझनेस खातं असतं, त्यांना तुमच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच मोकळेपणी लिहिता येतं. नंतर आधी मंजूर करून घेतलेले साचेबंद मेसेजच पाठवता येतात. म्हणजे रात्री फोनवर तक्रार केली, दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर बसून वाट बघत राहिलात, तुम्ही काहीच लिहिलं नाही, तर तिसऱ्या दिवशी समोरच्याला मनात असूनही साधं "बिल अस्पष्ट आहे" एवढं टाइप करून पाठवता येत नाही. त्यामुळे मी आता कॉम्प्युटरवर बसल्यावर आधी एक ओळ टाकते, "बिल आज पाठवते आहे" एवढी पुरे, २४ तास परत सुरू.

फोटोचंही तसंच. बॅटरीवरचा सिरीयल नंबर कोरलेला असतो, धुळीत, आणि साध्या फोटोत पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं, मग ८ आहे की बी आहे यावर चर्चा. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसा आहे तसा जातो. बिल तर डॉक्युमेंटच.

आता माझी खरी कटकट. अर्धवट टाइप केलेला मेसेज! फोनवर दोन अंगठ्यांनी पंधरा ओळींची तक्रार लिहायची, तारखा, नंबर, कोण काय बोललं ते सगळं, मग लक्षात येतं की उरलेलं कॉम्प्युटरवर नीट बसून लिहावं. कॉम्प्युटर उघडला की डबा रिकामा. पाठवलेलं सगळं दोन्हीकडे, पण न पाठवलेलं जिथे लिहिलं तिथेच. टेलिग्रामवर ड्राफ्ट दोन्हीकडे दिसतो, कारण तिथल्या साध्या चॅट त्यांच्या सर्व्हरवर असतात, मात्र तिथल्या सीक्रेट चॅट ज्या उपकरणावर सुरू केल्या तिथेच राहतात. म्हणजे जिथे कुलूप पक्कं तिथे हलवाहलव कमी, हे मला पटतं, पण पंधरा ओळी परत टाइप करताना पटत नाही. यासाठी एक स्टार कापते, आणि लोक म्हणतील एवढ्याशा गोष्टीसाठी, तर हो, एवढ्याशा गोष्टीसाठीच.

माझा उपाय असा की लांब तक्रार लिहायची असेल तर स्वतःच्याच नंबरच्या चॅटमध्ये लिहून पाठवते, २०२२ पासून ती सोय आहे. मग कॉम्प्युटरवर तिथून उचलून, दुरुस्त करून कंपनीला. यात एक फायदाही निघाला, रागात लिहिलेलं एकदा परत वाचलं जातं.

आणि वेबसाइटच्या चॅटबद्दलचं मत मध्येच बदलावं लागलं. दिवाळीच्या आसपास मिक्सरच्या कंपनीशी काम पडलं, त्यांच्याकडे व्हॉट्सॲप नव्हतंच. यावेळी चॅट उघडायच्या आधी खात्यात लॉगिन केलं, ओटीपी टाकून. दुपारी दुकानातून कॉम्प्युटरवर त्याच खात्याने गेले तर सकाळची चॅट समोर, मी जिथे सोडली होती तिथे. म्हणजे सगळ्याच वेबसाइट वाईट नाहीत, फरक लॉगिनचा आहे, आणि तोही आधी केलेल्या लॉगिनचा. चॅट सुरू झाल्यावर केलंत तर आधीचं पाहुण्याच्या नावावर राहू शकतं.

एक त्रास मात्र लॉगिन करूनही राहतो. फोनवर चॅट चालू असताना तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये गेलात, बिल शोधायला किंवा ओटीपी बघायला, तर फोन बॅटरी वाचवायला मागचं पान थांबवतो. समोरच्याला वाटतं तुम्ही निघून गेलात आणि काही मिनिटं उत्तर नाही म्हणून चॅट बंद. त्यामुळे कॉम्प्युटरवर जायचं असेल तर आधी समोरच्याला सांगा, "मी दहा मिनिटांत कॉम्प्युटरवरून येते, तिकीट चालू ठेवा," आणि तिकीट नंबर मागूनच उठा. बऱ्याच ठिकाणी चॅटची प्रत मेलवर पाठवायचं बटण असतं, तीन टिंबांच्या आत लपवलेलं, ते दाबा.

पुढे काय होईल बघायचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲपना आदेश काढला की ॲप सिमशी बांधलेलं असावं, म्हणजे ते सिम फोनमध्ये असेल तरच चालावं, आणि वेबवरचं लॉगिन सहा तासांनी तरी आपोआप बंद व्हावं. फसवणूक रोखायला आहे, कारण समजतं. पण तो जसाच्या तसा राबवला तर आमच्यासारख्या सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकान उघडं ठेवणाऱ्यांना दिवसातून निदान एकदा तरी फोन काढून क्यूआर स्कॅन करावा लागणार, आणि फोन घरी चार्जिंगला राहिला असेल तर झालंच.

व्हॉट्सॲपवाल्या पद्धतीला चार स्टार, लॉगिन करून केलेल्या वेबसाइट चॅटला साडेतीन, लॉगिन न करता केलेल्या चॅटला एक, तोही फोनच्या हिस्टरीत माझी ३१ मार्चची चॅट शिल्लक राहिली म्हणून.