हप्ता कमी करावा की मुदत? गृहकर्जात पाच लाख भरताना

बोनस आला, गावाकडची जमीन विकली किंवा एखादी जुनी ठेव सुटली, की गृहकर्जाच्या खात्यात एकरकमी पैसे भरावेसे वाटतात. शाखेत गेलं की समोरून प्रश्न येतो, "हप्ता कमी करायचा की मुदत?" बहुतेकांच्या डोक्यात ऐकीव उत्तर तयार असतं: मुदत कमी करा, व्याज जास्त वाचतं. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं बघण्यासाठी एक कर्ज आकड्यांत उलगडून पाहू.

कर्ज ३० लाख, मुदत २० वर्षं, व्याज ९ टक्के. तुमचा दर वेगळा असेल, पण ९ टक्के म्हणजे महिन्याला नेमका ०.७५ टक्का, म्हणून हिशेब हाताने करता येतो. या कर्जाचा हप्ता २६,९९२ रुपये. तो येतो कुठून? पुढच्या २४० हप्त्यांची आजची किंमत, म्हणजे वर्तमान मूल्य, बरोबर ३० लाख भरली पाहिजे, ही एकच अट असते. महिन्याभराने मिळणारा रुपया आज १/१.००७५ एवढ्या किमतीचा, दोन महिन्यांनी मिळणारा त्याहून कमी, असं करत सगळ्यांची बेरीज करायची. सूत्रात मांडलं तर:

```
EMI = P × r / (1 − (1+r)^−n)
P = 3000000, r = 0.0075, n = 240
```

पहिल्या महिन्यात ३० लाखांवर ०.७५ टक्के, म्हणजे २२,५०० रुपये व्याज. हप्त्यातले उरलेले ४,४९२ रुपये मुद्दलात जातात. पुढच्या महिन्यात बाकी तेवढीच कमी, म्हणून व्याज ३४ रुपयांनी घटतं आणि मुद्दलाचा वाटा तेवढ्याने वाढतो. ही वाढ अगदी सावकाश होते. हप्त्यात व्याजापेक्षा मुद्दल जास्त व्हायला १४९ वा हप्ता उजाडतो, आणि ३० लाखांतले निम्मे फिटायला साधारण १४ वर्षं लागतात. पाच वर्षांनी स्टेटमेंट काढून हळहळणारे लोक काही चुकत नाहीत: भरलेले असतात १६ लाख १९ हजार, मुद्दल घटलेलं असतं ३ लाख ३९ हजार. बँकेने यात फसवलेलं नसतं. व्याज दर महिन्याला फक्त बाकी मुद्दलावरच लागलेलं असतं, एवढंच की बाकी मोठी होती.

आता ६० हप्ते झाले आहेत, बाकी आहे २६,६१,२१२ रुपये, उरलेत १८० हप्ते. तुम्ही ५ लाख भरता. बाकी २१,६१,२१२ वर येते. इथून दोन वाटा फुटतात.

| | हप्ता कमी | मुदत कमी |
|---|---|---|
| नवा हप्ता | २१,९२० | २६,९९२ |
| उरलेले हप्ते | १८० | १२३ (शेवटचा थोडा लहान) |
| वाचलेलं एकूण व्याज | सुमारे ४.१३ लाख | सुमारे १०.४४ लाख |

शेवटची ओळ बघून लोक निर्णय घेतात. सव्वासहा लाखांहून जास्त फरक दिसतो, मग कोण विचार करणार? पण पैसे भरल्यानंतरचा पहिलाच महिना जवळून बघा. आधी या महिन्याचं व्याज १९,९५९ रुपये लागणार होतं. ५ लाख भरल्यावर ते १६,२०९ झालं, आणि ते दोन्ही वाटांवर सारखंच. बाकी सारखी, दर सारखा, तर व्याज वेगळं कसं लागेल? फरक पडतो तो मुद्दलात. मुदत कमी केलेल्याचे १०,७८३ रुपये मुद्दलात जातात, हप्ता कमी केलेल्याचे ५,७११. म्हणजे मुदत कमी केलेल्याच्या खिशातून या महिन्यात ५,०७१ रुपये जास्त गेले आणि तेच मुद्दलाला लागले (एका रुपयाचा फरक दिसतो तो पूर्णांकांचा). पुढच्या महिन्यात त्याचं व्याज थोडं कमी लागेल, कारण त्याने जास्त भरलं. तो सव्वासहा लाखांचा फरक असा दर महिन्याला ५,०७१ रुपये जास्त भरून तयार होतो. हप्ता कमी करणाऱ्याने तेवढेच पैसे महिन्याच्या महिन्याला कर्जात टाकले, तर त्याचंही कर्ज १२३ व्या महिन्यातच संपेल, पैशापैशाने.

मग तक्त्यात एवढी तफावत का दिसते? याचं उत्तर वर्तमान मूल्यात आहे. तुम्ही बँकेला आज ५ लाख देऊन भविष्यातले काही पैसे 'विकत' घेता. मुदत कमी करता तेव्हा शेपटाकडचे ५७ हप्ते विकत घेता. सगळ्यात शेवटचा, १५ वर्षांनंतरचा २६,९९२ चा हप्ता आज फक्त ७,०३३ रुपयांना सुटतो. अलीकडचा, म्हणजे १२४ वा, साधारण १०,७०० ला. हप्ता कमी करता तेव्हा मात्र १८० हप्त्यांमधून प्रत्येकी ५,०७१ ची चकती कापून घेता, आणि त्यातली पुढच्याच महिन्याची चकती जवळजवळ पूर्ण किमतीला पडते. दोन्हीकडे आजची किंमत नेमकी ५ लाख. लांबचे पैसे स्वस्त म्हणून त्यांची बेरीज मोठी दिसते, एवढाच चमत्कार. दोन्ही वाटांवर तुमच्या ५ लाखांना मिळणारा परतावा ९ टक्केच आहे, एका पैशानेही कमीजास्त नाही.

'प्रीपेमेंट पहिल्या वर्षांतच करा, नंतर उपयोग नाही' हा सल्लाही याच गैरसमजातून येतो. कर्ज घेतल्यापासून चौदा वर्षांनी हेच ५ लाख भरून हप्ता कमी केला तर सुमारे १.४९ लाखच व्याज वाचेल, पण पैसे गुंतून राहणारे महिनेही फक्त ७२ आहेत. दर तोच.

तेव्हा खरा प्रश्न असा उरतो की सुटलेल्या ५,०७१ रुपयांचं तुम्ही काय करणार. ते घरखर्चात विरघळून जाणार असतील, आणि बहुतेक घरांत विरघळतातच, तर मुदत कमी करा. बँकेने हप्ता कापून घेतला की शिस्त आपोआप लागते. कर वजा जाता ९ टक्क्यांहून जास्त देणारी आणि तुमच्या झोपेला धक्का न लावणारी जागा त्यांच्यासाठी सापडत असेल तर हप्ता कमी करण्यात अर्थ आहे. अशी हमखास जागा मला तरी दिसत नाही. मुदत ठेवीचं व्याज करपात्र असतं आणि शेअर बाजाराचा परतावा कोणी लिहून देत नाही.

पण हप्ता कमी करण्याचा एक गुण तक्त्यात उतरत नाही, तो म्हणजे कमी झालेली बांधिलकी. घरात एकच कमावता हात असेल, धंद्यात मंदीचे महिने येत असतील, किंवा वर्षभरात मुलाच्या शिक्षणासाठी आणखी कर्ज काढायचं असेल, तर २१,९२० चा हप्ता आणि २६,९९२ चा हप्ता यांत मोठं अंतर आहे. नवं कर्ज देताना बँक चालू हप्ते उत्पन्नाच्या किती टक्के आहेत ते आधी बघते. निवृत्ती तोंडावर असलेल्याचं गणित उलट असतं: पगार थांबायच्या आत कर्ज संपलंच पाहिजे.

दर वाढला तर काय, हेही तपासून ठेवा. समजा दीड टक्का वाढून व्याज १०.५ टक्के झालं आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली. हप्ता कमी केलेल्याच्या १८० हप्त्यांचे २२८ होतात, म्हणजे ४८ जास्त. मुदत कमी केलेल्याचे १२३ चे १३९ होतात, फक्त १६ जास्त. लहान मुदतीच्या कर्जात हप्त्याचा मोठा भाग मुद्दलाला जात असतो, म्हणून व्याज वाढलं तरी सोसवतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांना मुदत किती लांबली ते उशिरा कळलं. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. वरच्या उदाहरणात १८० हप्तेच कायम ठेवायचे तर २१,९२० चा हप्ता साधारण २३,८९० होतो. झेपत असेल तर हेच मागून घ्या.

जुन्या करपद्धतीत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर तिथे वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. या कर्जाचं सहाव्या वर्षाचं व्याज ५ लाख न भरता २ लाखांच्या वर राहतं, भरल्यावर साधारण १.९ लाखांवर येतं. त्यापुढच्या प्रत्येक वाचलेल्या रुपयाबरोबर वजावटही जाते, म्हणून ३० टक्के कर भरणाऱ्याला उपकरासकट ९ टक्क्यांचं कर्ज प्रत्यक्षात ६.२ टक्क्यांच्या आसपास पडतं. अशा माणसाने पहिले ५ लाख भरावेत, पण सुटलेले ५,०७१ पुन्हा कर्जात टाकण्याची घाई करू नये. नव्या पद्धतीत ही वजावट नाही, तिथे हा विचारच नको.

माझा कल तिसऱ्या वाटेकडे आहे: कागदावर हप्ता कमी करून घ्यायचा आणि जमेल त्या महिन्यात फरक स्वतःहून भरायचा. चांगल्या महिन्यांत मुदतीचा फायदा मिळतो, वाईट महिन्यात २१,९२० वर सुटता येतं. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँका मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क लावू शकत नाहीत, २०१२ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. स्थिर दराच्या कर्जात मात्र करारपत्र वाचावं लागेल. शिवाय काही ठिकाणी अंशतः परतफेडीसाठी किमान रक्कम ठरलेली असते, तेव्हा ५,०७१ दर महिन्याला घेतात का ते आधी विचारा. नसतील घेत तर सहा महिन्यांचे साठवून भरा.

आपल्या कर्जाचे आकडे टाकून बघायला स्प्रेडशीटमध्ये चार ओळी पुरतात:

```
=PMT(0.09/12,240,-3000000)
=IPMT(0.09/12,61,240,-3000000)
=PPMT(0.09/12,61,240,-3000000)
=NPER(0.09/12,-26992,2161212)
```

पहिली हप्ता देते, मधल्या दोन ६१ व्या हप्त्यातलं व्याज आणि मुद्दल, शेवटची प्रीपेमेंटनंतर उरलेले हप्ते. पैसे भरल्यावर पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमधला व्याजाचा रकाना नक्की बघा. तिथे १६,२०९ च्या आसपास आकडा हवा. रक्कम महिन्याच्या मध्यावर भरली असेल तर त्या महिन्यापुरता थोडा जास्त दिसेल. पण सरळ १९,९५९ च दिसत असेल, तर तुमचे ५ लाख मुद्दलातून वजा न होता आगाऊ हप्ते म्हणून बाजूला पडून आहेत आणि त्यांवर तुम्हाला काहीही मिळत नाहीये. त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, मुद्दलात जमा करायला सांगा, आणि परतफेडीचा नवा तक्ता हातात घेऊनच शाखेतून निघा.