अर्ध्या तासाचा एम.डी. आणि महिन्याचं बिल: डिमांड कंट्रोलर नऊ महिने वापरल्यानंतर

प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा कारखाना आहे, पाच मशीन आणि एक शिफ्ट. कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीशी करारात ठरलेली कमाल मागणी, १५० केव्हीए. गेले नऊ महिने पॅनेलवर डिमांड कंट्रोलर, म्हणजे मागणी मर्यादेबाहेर जायला लागली की काही लोड आपोआप बंद करणारं यंत्र, बसवलेला आहे. तो घ्यायची वेळ का आली, त्याने काय केलं आणि काय त्याच्याने झालं नाही, ते लिहितो. कंपनीचं नाव देत नाही, कारण या प्रकारातली बहुतेक यंत्रं एकाच तत्त्वावर चालतात.

सुरुवात एका बिलाने झाली. एम.डी. म्हणजे मॅक्झिमम डिमांड, महिन्यातल्या सगळ्यात जास्त लोडच्या अर्ध्या तासाची सरासरी मागणी. दर महिन्याला आमचा एम.डी. १२० ते १२५ केव्हीए असायचा. त्या महिन्यात बिलावर १६२ छापून आला. उत्पादन नेहमीएवढंच, युनिट नेहमीएवढेच, साधारण २४,००० आणि बिल मात्र वाढलेलं. पहिल्यांदा मीटरच बिघडला असं वाटलं. वीज कंपनीकडून मीटरचा अर्ध्या अर्ध्या तासाचा लोड सर्व्हे मागवला, तेव्हा ती नोंद सापडली. एका बुधवारी, दुपारी २ ते २:३०. महिन्यातल्या बाकीच्या एकाही अर्ध्या तासात आकडा १२४ च्या वर गेला नव्हता.

त्या बुधवारी सव्वाच्या सुमारास वीज गेली आणि बरोबर २ वाजता आली. वीज येताच सगळ्यांनी जे केलं ते कोणीही केलं असतं. छोट्या दोन मशीनचे बॅरल, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या नळ्या, अजून गरम होते, ती लगेच उत्पादनावर घेतली, ३० केव्हीए. मोठ्या तिन्हींचे हीटर एकदम चालू केले. थंड बॅरल तापेपर्यंत हीटर अखंड ओढतो, म्हणून तिथे ५४. एरवी तापमान गाठल्यावर तोच हीटर थांबून थांबून चालतो आणि एक तृतीयांशही घेत नाही. थंड पडलेले ड्रायर पूर्ण ताकदीने, २०. टाकीतलं पाणी कोमट झालेलं, त्यामुळे चिलर न थांबता, १८. हवेची टाकी रिकामी, कॉम्प्रेसर सतत लोडवर, १७. शिवाय मशीन बंद आहेत तोवर साचलेले रनर, म्हणजे मोल्डिंगमधून उरलेले प्लास्टिकचे तुकडे, दळून घेऊ म्हणून एकाने ग्राइंडर लावला, १८. पंप आणि दिवे ८. बेरीज १६५ होते. हीटर आणि मोटारींचा पॉवर फॅक्टर, म्हणजे किलोवॉट आणि केव्हीएचं गुणोत्तर, वेगळा असल्यामुळे मीटरवर ती थोडी कमी, १६२ उतरली.

आता याची किंमत. आमच्या दरपत्रकात एका केव्हीएचा महिन्याचा मागणी आकार सुमारे ६५ युनिटच्या किमतीएवढा पडतो, म्हणून हिशेब युनिटमध्येच मांडतो. १२४ केव्हीए असता तर ८,०६० युनिटएवढा आकार लागला असता. १६२ झाल्यामुळे करारातल्या १५० चे ९,७५० आणि वरच्या १२ केव्हीएला दीडपट दर, म्हणजे आणखी १,१७०. एकूण १०,९२०. फरक २,८६० युनिटचा, म्हणजे आमच्या तीन दिवसांच्या विजेएवढा. आणि त्या अर्ध्या तासात जास्तीची वीज किती वापरली? ३८ केव्हीए, अर्धा तास, जेमतेम १९ युनिट. हा हिशेब मी कागदावर तीनदा केला, तेव्हा कुठे पटला. दर आणि दंडाची पट प्रत्येकाच्या दरपत्रकाप्रमाणे बदलेल. काही दरपत्रकांत तर एकदा चढलेला एम.डी. पुढचे कित्येक महिने बिलात धरला जातो. आपल्या करारात ते कलम आहे का, हे आधी वाचून घ्या.

इथे एक गैरसमज मोडायला हवा, कारण तो माझाही होता आणि त्यापायी मी मोटार हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर घेण्याच्या बेतात होतो. मोटार सुरू होताना सहापट करंट घेते, म्हणून एम.डी. चढतो, असं सर्रास सांगितलं जातं. मीटर क्षणाचा करंट धरत नाही. तो ठरलेल्या कालखंडाची सरासरी काढतो, आमच्याकडे ३० मिनिटांची, काही ठिकाणी १५ मिनिटांची. २२ किलोवॉटची मोटार चालताना साधारण २९ केव्हीए घेते. सुरू होताना ८ सेकंद सहापट म्हणजे १७५ घेतले असं धरा. जास्तीचे १४६ केव्हीए, पण १,८०० सेकंदांत फक्त ८ सेकंद. सरासरीत भर पडते ०.६५ केव्हीएची. सॉफ्ट स्टार्टर मोटारीसाठी आणि बेल्टसाठी चांगलाच आहे, पण एम.डी. साठी म्हणून घेऊ नका. बिल वाढवतात ते दहा-वीस-तीस मिनिटं एकत्र चालणारे लोड.

कंट्रोलर याच सरासरीवर लक्ष ठेवतो. चालू अर्ध्या तासात आतापर्यंत किती वापर झाला आणि याच गतीने गेलं तर शेवटी आकडा किती होईल, हे तो दाखवत राहतो. आम्ही मर्यादा ११८ ठेवली आहे. ती ओलांडली जाणार असं दिसलं की तीन रिले एकामागोमाग लोड काढतात: आधी ग्राइंडर, मग ड्रायर, मग चिलर.

पहिल्याच आठवड्यात पॅनेलसमोर उभा राहून मी हे बघितलं. ११ ते ११:३० चा खंड. ११:१८ ला सरासरी १४० वर होती, म्हणजे १८ मिनिटांत ४२ युनिट (केव्हीए-तास) खर्च झालेले. ११८ च्या मर्यादेला अख्ख्या अर्ध्या तासाचे ५९ मिळतात. उरले १७, आणि ते १२ मिनिटांना पुरवायचे, म्हणजे लोड ८५ केव्हीएवर आणायला हवा. तिन्ही रिले सुटले तेव्हा कसाबसा ८४ झाला. हीच कपात ११:०६ ला केली असती तर लोड ११२ वर आणून भागलं असतं, म्हणजे ग्राइंडर आणि अर्धे ड्रायर. म्हणून सुरुवातीची सेटिंग बदलायला सांगतो. आमचा कंट्रोलर खंडाची पहिली १५ मिनिटं नुसता बघत बसायचा. ती वेळ आम्ही ५ मिनिटांवर आणली आणि तिन्ही रिले एकदम सुटणं बंद झालं.

बॅरलचे हीटर मात्र रिलेवर घेऊ नका. अर्धवट थंड मालावर स्क्रू फिरला तर स्क्रूच मोडू शकतो. ड्रायर दहा मिनिटं थांबला तर हॉपरमधला माल गरमच राहतो. चिलर थांबला तर टाकीतलं थंड पाणी तेवढा वेळ निभावतं, पण त्याच्या कॉम्प्रेसरला पुन्हा सुरू होण्याआधी किमान ५ मिनिटांची विश्रांती लावून ठेवा, नाहीतर रिले त्याला सारखा चालू-बंद करील.

पहिल्या महिन्यात यंत्राने मला निराश केलं होतं. त्याच्या पडद्यावर महिन्याचा एम.डी. ११९ आणि बिलावर १२७. विक्रेत्याचा माणूस दोनदा येऊन सगळं बरोबर आहे सांगून गेला. शेवटी आमच्या इलेक्ट्रिशियन काकांनी मोबाइलवर वेळ लावून दोन्हीकडचा खंड कधी संपतो ते बघितलं. "साहेब, मीटर कधीच पुढच्या अर्ध्या तासात गेलाय, आपलं यंत्र अजून मागचाच मोजतंय." कंट्रोलरचं घड्याळ ४ मिनिटं मागे होतं. तो त्याच्या खंडात सरासरी सांभाळायचा, पण मीटरचा खंड दुसरीकडे कापला जायचा. घड्याळ मीटरशी जुळवल्यापासून दोन्ही आकड्यांत एक केव्हीएचाच फरक राहतो. आता दर महिन्याच्या १ तारखेला काका ते तपासतात. शक्य असेल तर मीटरवरूनच खंडाचा पल्स घ्या, म्हणजे हा प्रश्नच राहत नाही.

पाचव्या महिन्यात पुन्हा १२७ आला आणि या वेळी लोडचा दोष नव्हता. किलोवॉट ११२ च होते. कपॅसिटर पॅनेलच्या एका स्टेपचा फ्यूज उडाला होता आणि पॉवर फॅक्टर ०.९७ वरून ०.८८ वर उतरला होता. मागणी केव्हीएमध्ये मोजली जात असेल तर तेवढ्याने ११५ चे १२७ होतात. कंट्रोलर लोड काढत राहिला, ग्राइंडर दिवसभर अडखळत चालला, पण खरं कारण त्याला कळणं शक्यच नव्हतं. रिले नेहमीपेक्षा जास्त वेळा सुटायला लागले की आधी पॉवर फॅक्टर बघा.

बाकीच्या महिन्यांत एम.डी. ११४ ते ११८ मध्ये राहिला. १२४ वरून ११६ धरला तरी महिन्याला साधारण ५२० युनिटएवढी बचत होते. मला ती मोठी वाटत नाही, पण १६२ सारखा महिना पुन्हा आला नाही, आणि पैसे तिथेच वाचले. मर्यादा आणखी खाली ओढण्यात अर्थ नाही, कारण आमच्या करारात कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या ७५ टक्के, म्हणजे ११२.५ केव्हीए, वापरली नाही तरी भरावी लागते.

यंत्राइतकाच उपयोग एका फळ्याचा झाला, आणि तो फुकट आहे. वीज परत आल्यावर काय कधी चालू करायचं, ते पॅनेलशेजारी लिहिलं आहे. आधी पंप, कॉम्प्रेसर, चिलर आणि छोट्या दोन मशीन. मोठ्यांपैकी दोघींचे हीटर लगेच, तिसरीचे २० मिनिटांनी. ड्रायर बॅरल तापल्यावर. सगळ्या मशीन चालू होईपर्यंत ग्राइंडरला हात लावायचा नाही. सुरुवातीचा लोड १०९ वर राहतो. तिसरी मशीन वीस मिनिटं उशिरा लागते, तेवढं नुकसान आम्ही स्वीकारलं आहे.

फळ्यावर खाली एक ओळ काकांनी स्वतःहून घातली: वीज किती वाजता आली ते आधी बघा. त्या बुधवारी ती बरोबर २ वाजता आली, म्हणून अख्खा अर्धा तास भरला. तीच २:२० ला आली असती तर खंडाची पहिली वीस मिनिटं शून्याची असती. उरलेल्या दहा मिनिटांत १६५ चालवले तरी सरासरी ५५ च झाली असती. गेल्या महिन्यात वीज ११:४८ ला आली. काकांनी घड्याळ बघितलं, तिन्ही मोठ्या मशीनचे हीटर लगेच लावून घेतले आणि १२ वाजायच्या आत तिसरीचे बंद करून ठेवले, तोवर ते बरेच तापले होते. मीटरवर त्या खंडाची नोंद ५७ होती.