पाणसळ तपासताना: नुसती उलटावी की खाली पत्ती घालावी?

लेथ बसवताना हा प्रश्न पडतोच. काचेवरच्या एका घराला ०.०२ मिमी/मीटर उतार दाखवणारी लेव्हल सरफेस प्लेटवर ठेवली, बुडबुडा भिंतीकडे ३ घरे सरकला. त्याच जागी उलटी, म्हणजे टोकांची अदलाबदल करून, ठेवल्यावर भिंतीकडेच, पण १ घर. सरासरी २ घरे हा प्लेटचा उतार. फरकाचे निम्मे, १ घर, हा लेव्हलचा दोष. खर्च शून्य. मात्र हाताच्या उबेने बुडबुडा आखडतो, म्हणून स्थिरावू द्या.

एक घर खरोखर ०.०२ आहे का, हे उलटण्यातून कळत नाही. त्यासाठी १ मीटरवरच्या दोन टेकूंवर सरळपट्टी आणि तिच्यावर लेव्हल ठेवून एका टेकूवर ०.०५ मिमीची फीलर पत्ती सरकवा. बुडबुडा अडीच घरे हलायला हवा. मेहनत जास्त.

फरशी, कपाटासाठी उलटणे पुरे. घरे मोजून मशीनचा उतार काढायचा तर पत्तीही हवीच.